फ्रीज चालू, पण दूध नासलं!

"अरे, फ्रीज चालायलाय, पण गार करंना झालाय. आज परत दूध नासलं बघ!"

हा माझ्या आत्याचा फोन. ती राहते बीड जिल्ह्यात, गेवराईजवळच्या एका गावात. फोन आला तो श्रावणात. बाहेर आभाळ भरलेलं, हवेत चांगला गारवा. आत्याचं खरं दुखणं पुढेच होतं. ती म्हणाली, "मे महिन्यात बाहेर अंगार पडत होता, तेव्हा या फ्रीजनं कधी त्रास दिला नाही. आता पंखासुद्धा लावावा लागत नाही आणि आत्ताच याला काय झालं?"

आहे की नाही कोडं? उन्हाळ्यात ठणठणीत असलेला फ्रीज पावसाळ्यात आजारी! मला राहवलं नाही. रविवारी मी गेवराईची एसटी धरली.

फ्रीज एका दाराचा, साधा. वरच्या बाजूला बर्फाचा कप्पा, खाली भाजीचा ड्रॉवर. मागून घूंऽऽ असा आवाज येत होता आणि दार उघडल्यावर दिवाही लागत होता. बर्फाचा कप्पा उघडला तर आत पांढरंशुभ्र हिम! कप्प्याच्या तोंडाशी ते बोटभर जाड झालं होतं, आणि बर्फाचा ट्रे त्यात असा रुतून बसला होता की हलेना.

"बर्फ तर बघ केवढा धरलाय," आत्या म्हणाली. "म्हणजे मशीन चांगलंच असणार ना? मग खालचं दूध का नासतं?"

बहुतेक घरांत असंच वाटतं, की बर्फ जास्त म्हणजे गारवा जास्त. खरं तर उलट आहे. या फ्रीजमध्ये दूध नासण्याचं एक कारण तो बर्फच होता. ते कसं, हे कळायला आधी फ्रीजच्या पोटात जरा डोकावू.

इंजेक्शन देण्याआधी नर्सताई दंडाला स्पिरिट लावतात तेव्हा तिथे एकदम गार वाटतं. स्पिरिट उडून जाताना आपल्या कातडीतली उष्णता घेऊन जातं. फ्रीजमध्येही एक द्रव असाच सतत उडत असतो. हल्लीच्या बऱ्याच घरगुती फ्रीजमध्ये तो असतो आयसोब्युटेन, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचा जवळचा नातेवाईक. तो उणे १२ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळतो. बर्फाच्या कप्प्याच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यात बारीक वाटा असतात. त्यांतून फिरताना तो उकळतो आणि पत्र्याची उष्णता ओढून घेतो. मग मागचा कंप्रेसर ती वाफ शोषतो, दाबतो आणि बाहेरच्या नळ्यांत ढकलतो. तिथे ती उष्णता खोलीत सोडून पुन्हा द्रव होते. नव्या फ्रीजमध्ये या नळ्या बाजूच्या भिंतींत दडवलेल्या असतात, म्हणून फ्रीजची कड हाताला कोमट लागते. लक्षात ठेवा, कोमट कड ही तक्रार नाही. आतली उष्णता बाहेर पडते आहे, याची ती पावती आहे.

आता खालच्या दुधापर्यंत गारवा कसा पोचतो? एका दाराच्या साध्या फ्रीजमध्ये पंखा नसतो. बर्फाच्या कप्प्याला टेकलेली हवा गार होते, जड होते आणि खाली उतरते. खालची उबदार हवा वर चढते आणि पत्र्याला टेकते. सगळा कारभार एवढ्यावर चालतो. म्हणजे हवा आणि पत्रा यांची भेट झालीच पाहिजे. ती भेट आत्याच्या फ्रीजमध्ये होतच नव्हती, कारण मध्ये हिम होतं.

हिम पांढरं का दिसतं? कारण ते अखंड बर्फ नसतं. त्यात बारीक बारीक स्फटिक असतात आणि त्यांच्यामध्ये हवा अडकलेली असते. उजेड त्या असंख्य कडांवर आपटून सगळीकडे विखुरतो, म्हणून पांढरं. आणि अडकलेली हवा उष्णता सहजी पुढे जाऊ देत नाही. धनगराच्या घोंगडीत ऊब टिकते तीही लोकरीत अडकलेल्या हवेमुळेच. ॲल्युमिनियममधून उष्णता जितक्या सहज धावते, त्याच्या हजारपट सावकाश ती भुसभुशीत हिमातून जाते. आत्याच्या फ्रीजनं आपल्या सगळ्यात गार पत्र्यावरच घोंगडी पांघरली होती! पत्रा आत गारठून गेला होता आणि खाली दूध नासत होतं.

मग एवढं हिम आलं कुठून?

हिमाचं पाणी भाज्यांतून थोडं येतं, उघड्या भांड्यांतून थोडं येतं, पण बहुतेक येतं बाहेरच्या हवेतून. इथे आत्याचं कोडं सुटायला लागतं.

बीड जिल्हा पर्जन्यछायेत येतो. मे महिन्यातली तिथली दुपार म्हणजे ४० अंशांच्या वर तापलेली, पण ठणठणीत कोरडी हवा. म्हणून तर तेव्हा माठातलं पाणी छान गार होतं आणि दोरीवरचा टॉवेल बघता बघता वाळतो. श्रावणात माठाला तेवढं जमत नाही आणि टॉवेल दोन दोन दिवस दमट राहतो. हवेत आधीच भरपूर वाफ असते.

हे आकड्यांत पाहू. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच अशी एक पेटी डोळ्यांसमोर आणा. मेमधली ४० अंशांची, २० टक्के आर्द्रतेची हवा त्या पेटीत भरली, तर तिच्यात साधारण १० ग्रॅम वाफ असते. ऑगस्टमधली २८ अंशांची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा भरली, तर साधारण २३ ग्रॅम. बाहेर गारवा वाटतो, पण हवेत पाणी दुपटीहून जास्त!

फ्रीजचं दार उघडलं की आतली गार हवा पायांवर सांडते (चप्पल न घालता उभं राहून बघा, कळतं) आणि बाहेरची हवा आत शिरते. एका वेळी १०० लिटर हवा बदलली असं धरू. ऑगस्टमध्ये तिच्याबरोबर दोन ग्रॅमहून थोडी जास्त वाफ आत आली. दोन ग्रॅम म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण दिवसातून २५ वेळा दार उघडलं तर झाले ५० ग्रॅम. दहा दिवसांत अर्धा किलो. त्यातलं सगळं नाही, पण बरंचसं पत्र्यावर जाऊन गोठतं.

आणखी एक गंमत आहे. वाफेचं पाणी होताना आणि पाण्याचा बर्फ होताना उष्णता बाहेर पडते. त्या दोन ग्रॅम वाफेचा बर्फ होताना जेवढी उष्णता सुटते, ती त्या १०० लिटर हवेला २८ अंशांवरून ४ अंशांवर आणताना काढाव्या लागणाऱ्या उष्णतेच्या जवळजवळ दुप्पट भरते. म्हणजे दमट हवा फ्रीजमध्ये दिसते त्याच्या तिप्पट ओझं घेऊन शिरते. मे महिन्यात फ्रीजच्या भिंतींतून उष्णता जास्त झिरपते हे खरंच, पण दारातून येणाऱ्या हवेपुरतं बोलायचं तर श्रावण जास्त भारी.

तरीसुद्धा गावातल्या बाकीच्या घरांतही श्रावण होताच की! तिथले फ्रीज चालत होते. म्हणजे आत्याच्या फ्रीजमध्ये दार बंद असतानाही हवा शिरत असणार. मी हिमाकडे पुन्हा नीट पाहिलं. ते सगळीकडे सारखं नव्हतं. कप्प्याच्या तोंडाशी, दाराच्या मुठीच्या बाजूला सगळ्यात जाड होतं. ओली हवा जिथून येते, तिथे हिम आधी आणि जास्त धरतं.

आत्याला म्हटलं, एक दहाची नोट दे. नोट दाराच्या फटीत अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवली, दार लावलं आणि ओढली. खालच्या बाजूला नोट अडकून बसली, ओढायला जोर लागला. बिजागरीच्या बाजूलाही तसंच. पण मुठीच्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात? सर्रकन बाहेर! परत ठेवली, परत सर्रकन.

"अगंबाई," आत्या म्हणाली, "म्हणजे रात्रंदिवस दार उघडंच म्हण की!"

दाराभोवती जी मऊ पट्टी असते तिला मेकॅनिक गॅस्केट म्हणतात, बरेच जण नुसतं 'रबर' म्हणतात. तिच्या आत चुंबकाची लवचीक पट्टी असते. लोहचुंबकाची पूड रबरासारख्या पदार्थात मिसळून ती केलेली असते. दार जवळ आलं की ती फ्रीजच्या लोखंडी कडेला स्वतःहून चिकटते. पूर्वी असं नव्हतं. जुन्या फ्रीजना बाहेरून कडी असायची, आणि लपाछपी खेळताना टाकून दिलेल्या फ्रीजमध्ये शिरलेली मुलं आत अडकून दगावायची. दार आतून उघडायचंच नाही. त्यामुळे अमेरिकेत १९५६ साली कायदाच झाला, की फ्रीजचं दार आतून ढकलून उघडता आलं पाहिजे. त्यानंतर कडी गेली आणि चुंबकाची पट्टी आली. (तरीही जुन्या फ्रीजमध्ये लपायचं नाही म्हणजे नाही. आत हवा फार थोडी असते.) त्याच सुमारास, १९५८ साली, आपल्या मुंबईत गोदरेजनं भारतीय बनावटीचा पहिला फ्रीज तयार केला.

आत्याच्या फ्रीजची पट्टी वरच्या कोपऱ्यात कडक होऊन आत दबली होती. तिच्या घडीत लोणच्याचं तेल आणि धूळ यांचा काळा थर साचला होता. शिवाय फ्रीज पुढे किंचित झुकलेला होता. पुढचे दोन पाय फिरवून थोडे उंच केले की दार आपोआप मिटण्याच्या बाजूला कलतं. इथे नेमकं उलट झालं होतं.

पण मला अजून एक गोष्ट खटकत होती. मी तिथे असताना तासभर कंप्रेसरचा घूंऽऽ थांबलाच नाही. चांगला फ्रीज मध्येमध्ये गप्प बसतो. मी आत्याला विचारलं, "आकडा कितीवर ठेवलास?"

"सातवर. गार करंना म्हणून फिरवला की!"

घ्या! आता थर्मोस्टॅटची गंमत ऐका. आकड्यांच्या त्या बटणामागे एक छोटा स्विच असतो आणि त्यातून एक केसासारखी बारीक नळी निघते. नळीत गॅस भरलेला असतो आणि तिचं टोक बर्फाच्या कप्प्याच्या पत्र्याला टेकवलेलं असतं. पत्रा तापला की नळीतला दाब वाढतो आणि कंप्रेसर सुरू होतो. पत्रा पुरेसा गार झाला की दाब कमी होतो आणि कंप्रेसर बंद. म्हणजे साध्या फ्रीजचा थर्मोस्टॅट दुधाला विचारतच नाही! तो विचारतो फक्त पत्र्याला. आकडा वाढवल्यानं फ्रीज 'जोरात' गार करत नाही. पत्रा आणखी गार होईपर्यंत कंप्रेसर थांबवायचा नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. (नव्या इन्व्हर्टर फ्रीजचा कंप्रेसर आपला वेग कमीजास्त करू शकतो. आत्याचा तसा नव्हता.) सातवर ठेवल्यावर, वरच्या फटीतून दमट हवा शिरत असताना पत्रा तेवढा गार होईचना, कंप्रेसर थांबेचना आणि पत्र्यावर हिमाचे थरावर थर चढत गेले. दूध वाचवायला केलेल्या उपायानंच दुधाची वाट लागली.

एवढ्यात आत्यानं बोलावलेले मिस्त्री आले. त्यांची तपासायची रीत मला फार आवडली. हत्यारांची पिशवी न उघडताच त्यांनी आधी फ्रीजच्या कडेला तळहात लावला.

"कड कोमट हाय. गॅस हाय, कंप्रेसर बी ठीक हाय," ते म्हणाले. "मावशी, गॅस कमी असता तर बर्फ एवढा धरलाच नसता. एका कोपऱ्यात टिकलीएवढा दिसला असता, बाकी पत्रा कोरडा."

मी त्यांना विचारलं, आणखी कशावरून काय ओळखता? ते हसले आणि सांगत गेले. कंप्रेसर घुमतोय, पण कड गार आणि बर्फही नाही, तर गॅस निघून गेला किंवा कंप्रेसर दाबच देत नाही. दिवा लागतो पण आवाजच नाही, तर थर्मोस्टॅटवर संशय. बटण शून्यावरून पुढे फिरवताना टक् असा आवाज यायला हवा. आणि घूंऽऽ सुरू होऊन काही सेकंदांत टक् करून बंद, पुन्हा काही मिनिटांनी तेच, असं होत असेल तर कंप्रेसरला उठताच येत नाहीये. कधी त्याचा रिले गेलेला असतो. पण गावाकडे आधी व्होल्टेज बघायचं. शेतातल्या मोटारी एकदम सुरू झाल्या की २३० व्होल्टचा पुरवठा खाली घसरतो आणि कंप्रेसर नुसता कण्हतो. तो टक् आवाज संरक्षक स्विचचा. कंप्रेसर जळू नये म्हणून तो वीज तोडतो. लाईट जाऊन लगेच आली तरी असंच होऊ शकतं, कारण नळ्यांमधला दाब अजून उतरलेला नसतो. म्हणून लाईट आल्यावर पाचेक मिनिटं थांबून फ्रीज लावावा.

आत्यानं स्वयंपाकघरातून उलथनं आणलं होतं, बर्फ खरवडायला. मिस्त्रींनी ते हातातून काढूनच घेतलं. कप्प्याचा पत्रा पातळ असतो आणि आयसोब्युटेन त्या पत्र्यातूनच फिरत असतो. एक टोचा लागला की गॅस बाहेर. तो ज्वालाग्राही असतो, आणि स्वयंपाकाच्या गॅससारखा उग्र वास त्यात मिसळलेला नसतो, त्यामुळे गळती नाकाला कळतही नाही. फ्रीजमध्ये हा गॅस असतो अवघा पन्नासेक ग्रॅम. तेवढा गेला की फ्रीज म्हणजे नुसतं कपाट.

मग काय केलं? प्लग काढला, सामान बाहेर काढलं, दार सताड उघडं ठेवलं आणि कप्प्याखाली गरम पाण्याचं पातेलं ठेवलं. बर्फ थोडा असेल तर आकड्यांच्या मधोमध असलेलं डीफ्रॉस्टचं बटण पुरतं. ते दाबलं की कंप्रेसर थांबतो आणि बर्फ वितळला की आपला आपण सुरू होतो. इथे मात्र हिम फार होतं. तोवर आत्यानं कोमट पाणी आणि साबण घेऊन पट्टीच्या घड्या पुसून काढल्या. मिस्त्रींनी गरम पाण्यात पिळलेलं फडकं दबलेल्या कोपऱ्यावर धरून ठेवलं. पट्टी मऊ झाल्यावर ती बोटांनी बाहेर ओढून बसवली. पट्टी फाटलेली असती तर मात्र नवीनच लागली असती, फाटक्या पट्टीला उपाय नाही. फ्रीजचे पुढचे पाय उंच केले. आकडा सातवरून तीनवर आणला. पुन्हा नोट लावून पाहिली तर वरच्या कोपऱ्यातही ती घट्ट बसली.

मी जाताना थर्मामीटर नेला होता. आल्या आल्या तो पाण्याच्या पेल्यात बुडवून मधल्या फळीवर ठेवला होता. (हवेत नुसता ठेवला तर दार उघडताच आकडा उडी मारतो, पाण्यात तो खरं सांगतो.) तेव्हा पारा १३ अंशांवर होता. दुधासाठी साधारण ४ अंश लागतात, १३ अंशांत जिवाणू मजेत वाढतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं पुन्हा पाहून फोन केला. पाच अंश! आणि आकडा सातवरून तीनवर आणूनसुद्धा. "आता मधी मधी गप बसतंय बरं का," ती म्हणाली. मला हे आकड्यापेक्षा जास्त आवडलं. अशा फ्रीजचं मध्येमध्ये थांबणं म्हणजे तब्येत बरी असल्याची खूण.

जाता जाता एक. तुमच्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लशी ठेवायचा फ्रीज पाहिलात तर त्याचं दार समोर नसतं, पेटीसारखं वर उघडतं. गार हवा जड असते, त्यामुळे वरून झाकण उघडलं तरी ती सांडत नाही. तिथे तापमान २ ते ८ अंशांतच राहावं लागतं आणि ते दिवसातून दोनदा लिहून ठेवतात. काही लशी गोठल्या तर कायमच्या वाया जातात, म्हणून तिथे 'जास्त गार' हीसुद्धा चूकच असते.

आता तुमच्यासाठी काम. घरच्या फ्रीजच्या दाराला चारही बाजूंनी नोट लावून बघा आणि कुठे सैल आहे ते वहीत काढून ठेवा. मागच्या बाजूला, कंप्रेसरजवळ किंवा वायरला हात लावायचा नाही, तिकडचं मोठ्यांना सांगायचं. आणि फ्रीज साधा, बर्फ धरणारा असेल तर मे महिन्यात एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा, मोठ्यांच्या मदतीनं बर्फ वितळवा. दोन्ही वेळा आधीच्या वितळवण्यापासून सारखेच दिवस जाऊ द्या. वितळलेलं पाणी मापानं मोजा आणि दोन्ही आकडे, गावाचं नाव लिहून, आम्हाला पाठवा. बीडचा आकडा आणि कोकणातला आकडा शेजारी शेजारी ठेवून बघायची मला फार उत्सुकता आहे.